नांदेडच्या लंगरमध्ये पहिल्यांदा जेवायला बसताना

गोदावरीकाठच्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे. महाराष्ट्रातून तेथे दर्शनाला जाणारे अनेक जण लंगरच्या दारापर्यंत पोहोचतात आणि थबकतात, कारण आत आपल्याला चालेल का, पैसे कुठे भरायचे, कोणाला विचारायचे, हे त्यांना ठाऊक नसते. लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्याचे सामुदायिक स्वयंपाकघर आणि तेथे मिळणारे जेवणही. ते जात, धर्म वा ऐपत न विचारता सर्वांना दिले जाते. त्यासाठी आमंत्रण लागत नाही आणि पावतीही फाडावी लागत नाही.

आत शिरण्यापूर्वी डोके झाकावे. रुमाल, ओढणी किंवा पदर यांपैकी काहीही चालते. तंबाखू, विडी, सिगारेट खिशात असेल तर ती आवाराबाहेरच ठेवावी. शीख आचारात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. चपला ‘जोडा घर’ येथे द्याव्यात, बिल्ला घ्यावा आणि हातपाय धुवावेत. दरबारात गुरू ग्रंथसाहिबांसमोर गुडघे टेकून मस्तक जमिनीला लावण्याला ‘मत्था टेकणे’ म्हणतात. दर्शनानंतर मिळणारा ‘कडाह प्रसाद’ हा कणीक, साखर आणि तूप समप्रमाणात घेऊन केलेला शिरा असतो. तो ओंजळीत घ्यावा. तूप हाताला लागते म्हणून चिमटीत धरू नये. कमी हवा असल्यास तसे आधीच सांगावे.

लंगरमध्ये दाराशी ताट घ्यावे आणि लांब पट्टीवर, आधीच्या माणसाला लागून मांडी घालून बसावे. ही रांग म्हणजे ‘पंगत’. हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला असला, तरी येथे त्याला एक नियम जोडलेला आहे. शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी पंजाबातील गोइंदवालला ‘पहले पंगत, पाछे संगत’ असा दंडक घातला, म्हणजे त्यांच्या भेटीला येणाऱ्याने आधी सर्वांसोबत जमिनीवर बसून जेवावे. बादशहा अकबरही असाच पंगतीत बसला, असे परंपरा सांगते. त्यामुळे ओळखीच्यांजवळ बसण्यासाठी मध्ये जागा सोडणे किंवा वेगळी जागा मागणे येथे शोभत नाही. पंक्तिप्रपंच मोडण्यासाठीच ही रांग आहे.

यानंतर वाढपी, म्हणजे ‘सेवादार’, हाका देत येतात आणि नवखा माणूस बहुधा येथेच गोंधळतो. ‘परशादा, वाहेगुरू’ असे ऐकू आले की पोळी आली असे समजावे. परशादा ताटात ठेवून घ्यायचा नसतो. दोन्ही हात पुढे करून तळव्यांवर घ्यायचा असतो, कारण तो प्रसाद मानला जातो. ‘दाल जी’ आणि ‘जल जी’ या हाका सहज कळतात. नको असेल तेव्हा ताटावर हात आडवा धरावा किंवा हात जोडावेत. कोणी आग्रह करत नाही. उलट, भुकेपेक्षा जास्त घेऊन ताटात टाकणे हीच खरी चूक ठरते. एकेक परशादा मागून घेतल्यास ती टळते, कारण सेवादार पुन्हा फेरी मारतात. जेवण झाल्यावर ताट तेथेच न ठेवता स्वतः उचलून धुण्याच्या जागी द्यावे.

तेथेच ‘सेवा’ सुरू होते. सेवा म्हणजे मोबदला न घेता, गुरूच्या घरचे काम म्हणून केलेले काम. ती मागावी लागते: जवळच्या सेवादाराला हात जोडून ‘सेवा बख्शो जी’ म्हणावे, म्हणजे ‘मला सेवा द्या’. पहिल्या दिवशी कोणी कढईजवळ उभे करणार नाही. बहुधा कांदा-लसूण सोलणे, परशादे लाटणे, जोडा घरात चपला सांभाळणे किंवा भांडी धुणे वाट्याला येते. मला विचाराल तर भांड्यांची सेवा निवडावी. उष्टे एकीकडे झाडले जाते, पुढच्या हौदात साबण, त्यापुढच्या हौदांत स्वच्छ पाणी, अशी रांग चाललेली असते आणि ताट एका हातातून दुसऱ्या हातात सरकते, त्यामुळे काही न विचारता काम कळते.

स्वयंपाकाच्या सेवेत मात्र एक पथ्य काटेकोर असते. अन्न शिजत असताना कोणी चव घेत नाही, मिठासाठीसुद्धा नाही. आधी ‘अरदास’, म्हणजे प्रार्थना होते, मगच अन्न पंगतीत येते. त्यामुळे ओल्या हाताने डाळीचा थेंब चाखण्याची घरची सवय तेथे आवरावी लागते.

पैसे द्यायची इच्छा असल्यास ते सेवादाराच्या हातात देऊ नयेत; ‘गोलक’ म्हणजे दानपेटीत टाकावेत. पीठ, डाळ, तूप अशी ‘रसद’ द्यायची असेल, तर ती लंगरच्या भांडारात पोहोचवता येते. शीख कुटुंबे कमाईचा दहावा हिस्सा, ‘दसवंध’, यासाठी काढतात. पाहुण्याला तसे बंधन नाही आणि काही न देता जेवून निघालेल्याकडेही कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही.