कानात किडा गेल्यास या चुका टाळा

झोपेत कानात किडा शिरला की त्याची फडफड पडद्याशेजारीच होत असल्यामुळे ती असह्य वाटते आणि माणूस हाताला लागेल ती काडी कानात घालतो. सर्वांत जास्त नुकसान यानेच होते. प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा असून, दोन्हींच्या सांध्याजवळ ती अरुंद होते. कापसाची काडी, पिन किंवा चिमटा घालून ढकललेला किडा त्या अरुंद जागेच्या पलीकडे गेला, तर त्याला बाहेर काढणे फार कठीण होते. शिवाय तिथली त्वचा इतकी पातळ असते की किंचित खरचटले तरी रक्त येते.

जिवंत किड्याची हालचाल आधी थांबवावी लागते, आणि त्यासाठी तेल उपयोगी पडते. मात्र पूर्वी पडद्याला छिद्र पडले असेल, कानात नळी बसवलेली असेल, किंवा कानातून रक्त वा पू येत असेल, तर एक थेंबही घालू नये. तसे काही नसल्यास बेबी ऑइल किंवा ऑलिव्ह तेलाची बंद बाटली थोडा वेळ हातात धरून तेल अंगाइतके कोमट करावे. ते मनगटावर गरम लागता कामा नये. किडा गेलेला कान वर येईल असे कुशीवर झोपावे, कानाची पाळी वर आणि मागे (लहान मुलाची खाली आणि मागे) हलकेच ओढून धरावी आणि नलिका भरेपर्यंत थेंब थेंब तेल सोडावे. पाच-दहा मिनिटांत फडफड थांबली की कान खाली करून तेल निथळू द्यावे. कधी कधी किडा त्यासोबतच बाहेर येतो. तो आला नाही, किंवा आला तरी त्याचा पाय वा तुकडा आत राहिल्याची शंका असली, तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण राहिलेल्या अवशेषांमुळे संसर्ग होतो.

गार पाणी ओतल्यास जोराची चक्कर येते. टॉर्चवरही विसंबू नये, कारण झुरळासारखे कीटक उजेडापासून दूर पळतात आणि आणखी आत जातात.

ही तेलाची युक्ती केवळ किड्यापुरतीच आहे. डाळ किंवा बी गेल्यास पाणी घालू नये, कारण ते फुगून घट्ट बसते. गुळगुळीत मणी चिमट्यातून निसटून आत सरकतो, म्हणून तो डॉक्टरांकडेच काढून घ्यावा. खेळण्यातली किंवा घड्याळातली बटणासारखी बॅटरी मात्र सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नव्हे. कानातल्या ओलाव्यात तिचा विद्युतप्रवाह काही तासांतच त्वचा आणि पडदा जाळू शकतो, आणि कोणताही द्रव घातल्यास हे आणखी वेगाने होते. त्यामुळे मुलाच्या कानात काय गेले हे नक्की माहीत नसेल, तर काहीही न घालता त्याच रात्री रुग्णालयात जावे.