पश्चिमेच्या खिडकीला पडदा निवडताना या चुका टाळा

आमचं घर वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. हॉलची खिडकी पश्चिमेला, चार बाय चार फुटांची. उन्हाळा लागताना तिला कॉफी रंगाचं ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड लावलं. उजेड थांबला, पण मे महिन्यात दुपारी चारला आई खिडकीजवळच्या दिवाणावर बसली नि म्हणाली, "अरे, इथं तर झळा लागून राहिल्या!" ब्लाइंडची कड सरकवून मागे हात घातला, तर चुलीजवळ धरल्यासारखा भाजला.

पहिली चूक हीच, अंधार म्हणजे गारवा असं समजणं. ऊन काचेतून आत आलं की त्याची उष्णताही घरात आलीच. गडद कापड ती शोषतं, तापतं आणि काच नि ब्लाइंड यांच्यामधली गरम हवा वरच्या फटीतून खोलीत सोडतं. म्हणून रोलर घ्यायचं तर काचेकडची बाजू पांढरी असलेलं घ्या, म्हणजे थोडं तरी ऊन काचेतूनच माघारी फिरतं. आतला रंग कोणताही चालेल.

दुसरी चूक कूलर विसरण्याची. पाण्याचा कूलर आत ढकलतो तेवढी हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. ती वाट आमच्याकडे हीच खिडकी होती. काच उघडली की रोलर वाऱ्याने फडफडून चौकटीवर आपटायचं आणि बंद केली की कूलर असून नसल्यासारखा. अशा खिडकीला सुती पडदाच बरा, कारण तो हवेला वाट देतो. त्याला काचेकडून पांढरं अस्तर लावा. रॉड चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेवा, नाहीतर कडेच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते. आमच्या चार फुटी खिडकीला पाच फुटी रॉड आणि चुण्यांसाठी जवळपास दुप्पट रुंदीचं कापड लागलं.

लाकडी ब्लाइंड दिसायला देखणं, पण पश्चिमेला अवघड. तीन वाजता पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकवली तर ऊन अडतं. बरेच जण ती वर करतात आणि किरणं थेट आत घेतात. पाचनंतर सूर्य इतका खाली येतो की पट्ट्या जवळजवळ मिटाव्याच लागतात. शिवाय कोरडा उन्हाळा, कूलरचा ओलावा आणि पावसाळा यांत लाकूड आक्रसतं-फुगतं, पट्ट्या वाकतात. प्रत्येक पट्टीवर शेताकडची धूळ बसते, ती वेगळी. उत्तरेच्या खिडकीला हौसेने लावा, इथे नको.

आम्ही शेवटी बाहेरून बांबूचा तट्टा टांगला, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मधली हवा खेळती राहते. ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. आत अस्तराचा पडदा ठेवला. आता दुपारी चारला काचेला हात लावला तरी तो मागे घ्यावा लागत नाही, आणि आईचा दिवाण तिथेच आहे.