चढावर ई-सायकल बंद पडते? आधी डिस्प्ले बघा

सपाट रस्त्यावर नीट चालणारी ३६ व्होल्टची सायकल चढावर बंद पडली, की आधी डिस्प्ले बघा. तोही विझला, तर संशय बॅटरीच्या कनेक्टरवर. सैल, काळवंडलेल्या पिनेत समजा ०.३ ओहम रोध आहे. चढावर १५ अँपिअर ओढले, की तिथेच साडेचार व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी अर्धी असेल तर कंट्रोलरला पुरेसा दाब मिळत नाही, तो मोटरचा पुरवठा तोडतो. चढ उतरल्यावर पिन हाताला गरम लागते, प्लास्टिक पिवळटलेलं दिसतं. घासून भागत नाही, कनेक्टर बदला.

डिस्प्ले चालू राहिला तर थ्रॉटल हळूहळू फिरवत त्याची सिग्नल वायर मोजा: साधारण ०.८ वरून साडेतीन व्होल्टच्या पुढे सलग चढायला हवी. तीही ठीक असेल, तरच कंट्रोलर उघडा.