बाळाची आंघोळ: टब, पाणी आणि फरशीच्या या चुका टाळा

आमच्या घरी पहिल्या आठवड्यात बाळाचा टब प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवला होता. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला वाकायला लागू नये म्हणून. पण पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, त्यात बाळाचं वजन, आणि बाळ पाय झाडायला लागलं की टब हळूहळू कडेकडे सरकतो. चौथ्या दिवशी आजींनी तो खाली घेतला. म्हणाल्या, "निसटलं तर निदान उंचावरून तरी पडणार नाही." तेव्हापासून टब जमिनीवर आणि आंघोळ घालणारी आजी वीतभर उंचीच्या पाटावर. बाळंतिणीने भरलेला टब उचलायचाच नाही. जागेवर ठेवून तांब्याने भरायचा. तोही नळापासून लांब, कारण गरम पाणी सोडल्यावर धातूचा नळ बराच वेळ तापलेला राहतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती पाण्यात. गिझरचं पाणी ६० अंश आणि नळाचं २५ असेल, तर एक तांब्या गरम आणि दोन तांबे गार मिळून साधारण ३७ अंश होतं, म्हणजे बाळाला हवं तेवढं. पण थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की हाच हिशेब ३२ वर येतो आणि बाळ कुडकुडतं. तेव्हा जवळजवळ निम्मं गरम लागतं. म्हणून 'आमचं माप ठरलेलं आहे' यावर विसंबू नका. टबात आधी गार ओता, मग गरम, आणि तळापासून ढवळा; न ढवळता पाहिलं तर वर गरम आणि खाली गार असा घोळ होतो. तपासायचं ते कोपराने. रोज गरम भांडी हाताळणाऱ्या बोटांना चटका कळत नाही. कोपराला पाणी कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. बाळ टबात असताना वरून गरम पाणी ओतू नका. पाण्याची खोली चार बोटं पुरे.

आता घसरणं. टबाखाली रबरी मॅट घातली की झालं, असं वाटतं. पण तिचे चोषक कप गुळगुळीत फरशीलाच चिकटतात. खडबडीत टाइल्सवर हवा आत शिरते आणि मॅट सुटते. दाबून बसवा आणि आडवी ओढून बघा. सरकली तर ती तुमच्या फरशीची नाही. खरा शत्रू मात्र मालिशचं तेल. मालिश बाथरूमबाहेर करा, बाळाला फडक्याने टिपून घ्या, आपले हात डाळीच्या पिठाने धुवा, मगच बाळाला उचला. एक हात मानेखालून नेऊन पलीकडची काख धरायची.

आणि टॉवेल बाहेर राहिला? बाळाला उचलून सोबत न्या, 'एक मिनिटात आले' म्हणून सोडू नका. आंघोळ झाली की टब लगेच रिकामा करून भिंतीला उभा लावा. मॅट दोरीवर वाळत घाला, नाहीतर खाली साबणाचा बुळबुळीत थर साठतो.