‘पूर्ण गार होऊ दे’ म्हणत रात्र काढू नका: शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवतानाच्या चुका

अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उकळते पातेले आत ठेवले तर शेजारचे दूध आणि उरलेले इतर पदार्थ तापतात, वाफेचे पाणी होऊन ते आत सगळीकडे साचते आणि कॉम्प्रेसर बराच वेळ चालत राहतो. मात्र गरम अन्न आत ठेवल्यामुळे ते अन्नच विषारी होते, ही समजूत खरी नाही. खरा धोका अन्न बाहेर राहण्यात आहे.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जिवाणू वाढतात आणि अंगाच्या तापमानाच्या आसपास ते सर्वांत झपाट्याने वाढतात. हाताला गार लागलेला भात मे महिन्यात ३३-३४ अंशांवर असतो, म्हणजे नेमका त्याच टप्प्याच्या मध्यावर असतो. खोलीच्या तापमानाखाली तो ओट्यावर कधीच जाणार नाही, मग वाट कितीही पाहा. म्हणून ‘पूर्ण गार’ ही खूणच चुकीची आहे. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत, आणि खोलीत ३२ अंशांहून अधिक उकाडा असेल तर एका तासाच्या आत, फ्रिजमध्ये गेले पाहिजे.

भाताच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही जिवंत राहतात. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांचे काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही, आणि त्याला वास किंवा चव असतेच असे नाही. ‘सकाळी खरपूस फोडणी दिली की झाले’ हा दिलासा त्यामुळे टिकत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यावा, हे सांगताना मलाही वाईट वाटते, पण त्याला दुसरा उपाय नाही.

समजा, पाहुणे जेवून उठले आणि जाड बुडाच्या पातेल्यात तीनएक लिटर मसालेभात उरला. झाकण घालून तो तसाच ठेवला, तर मधला भात ६० अंशांखाली यायलाच दोन तासांच्या वर वेळ लागेल आणि नंतर पहाटेपर्यंत तो कोमटच राहील. तेच पातेले फ्रिजमध्ये ढकलले तरी फारसे साधत नाही, कारण जाड थराच्या आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि थर दुप्पट जाड झाला की हा वेळ सुमारे चौपट होतो. इथे थराची जाडीच सर्वांत जास्त महत्त्वाची आहे.

त्यामुळे भात लगेच दोन स्वच्छ परातींत दीड-दोन इंचांच्या थराने पसरावा, पंख्याखाली ठेवावा आणि स्वच्छ उलथन्याने एक-दोनदा खालीवर करावा. वाफ थांबली आणि तळाला हात सहज टेकवता आला की तो उथळ डब्यांत भरावा. अर्ध्या तासात हे होते. आमटी किंवा रस्सा असेल तर पातेले परातीतल्या थंड पाण्यात ठेवून ढवळावे आणि पाणी कोमट झाले की बदलावे. बर्फाचे तुकडे टाकल्यास काम आणखी लवकर होते. या अवस्थेत अन्न कोमट असले तरी चालते. ८० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत आणले, तर फ्रिजला काढावी लागणारी जवळजवळ निम्मी उष्णता आधीच बाहेर गेलेली असते, आणि उरलेली काढणे चालू स्थितीतल्या घरगुती फ्रिजला जड जात नाही.

डबे एकावर एक रचू नयेत. भोवती हवा फिरायला जागा सोडावी, दुधापासून ते दूर ठेवावेत आणि झाकण सुरुवातीला थोडे तिरके ठेवून डबा गार पडल्यावर घट्ट लावावे. कच्चे मांस किंवा मासे असतील, तर ते या डब्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी उघड्या भातात ठिबकणार नाही.

एवढे करूनही अन्न लवकर आंबत असेल तर दोष फ्रिजमध्ये असू शकतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर घालून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा पाहावा. तो ५ अंशांहून जास्त असेल तर थंडावा वाढवावा, आणि तरीही आकडा उतरला नाही तर दाराचे रबर सैल झाले आहे का ते कागदाची पट्टी दारात अडकवून तपासावे. पट्टी विनासायास निघून आली, तर तिथूनच गारवा बाहेर जात आहे.