किल्ल्यामागचा डोंगर: सोळा कागदांची तयारी

दिवाळीत आमच्या गल्लीतली पोरं किल्ला करतात तेव्हा दगड, पोती, माती, अळीव सगळं वेळेवर जमतं. अडतं ते मागच्या भिंतीपाशी. गेल्या वर्षी ठरलं, येळ्ळूरच्या शिवारातून काढलेला राजहंसगडाचा फोटो मोठा करून लावायचा. फ्लेक्स नको, साध्या ए-फोर कागदांवर तुकडे छापून जोडायचे. पहिल्या खेपेला वीस रंगीत पानं निघाली, त्यातल्या चारांवर जवळजवळ काहीच नव्हतं. आमच्याकडे रंगीत पानाला दहा रुपये, म्हणजे चाळीस रुपये कोऱ्या कागदाला गेले. तेव्हापासून झेरॉक्सच्या दुकानात जायच्या आधी काय काय तयार ठेवायचं ते मी डोक्यात पक्कं केलंय.

सगळ्यात आधी फोटो बघा. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आला असेल तर बहुतेक रुंदीला १६०० ठिपक्यांच्या आसपास उरलेला असतो. साडेतीन फुटांवर पसरला की एका इंचात सदतीसच ठिपके येतात, आणि गडाचा बुरूज पायऱ्यांसारखा दिसतो. ज्याच्या मोबाईलवर फोटो काढला त्यालाच तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आमचा मूळ फोटो ४००० बाय ३००० होता. त्याचे इंचाला नव्वद-एक ठिपके पडले. पुस्तकात ते कमी वाटतील, पण किल्ला बघणारा माणूस चार-पाच फुटांवर उभा असतो, त्याला पुरतात. नकाशा किंवा बारीक अक्षरं छापायची असतील तर मात्र हा हिशेब चालणार नाही.

मग टेप घेऊन भिंत मोजा, पण मोजलेला आकडा लगेच कायम करू नका. आधी कागदाला विचारा. ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटर. घरगुती प्रिंटर कडेला साधारण पाच मिलिमीटर सोडतोच, म्हणजे आडव्या कागदावर चित्राला २८७ बाय २०० उरतात. शेजारच्या दोन कागदांवर दहा मिलिमीटर चित्र सारखंच छापायचं, जोडताना एकावर एक चढवायला. त्यामुळे पहिल्या कागदानंतरचा प्रत्येक कागद रुंदीत २७७ आणि उंचीत १९० मिलिमीटरच भर घालतो. चार कागद आडवे ठेवले की १११८ मिलिमीटर होतात, चार ओळी एकाखाली एक ठेवल्या की ७७०.

आमची भिंत चार फूट, म्हणजे १२१९. पोरांचा हट्ट होता की भिंत पूर्ण भरलीच पाहिजे. पण त्यासाठी पाचवा उभा रकाना लागतो आणि सोळाचे वीस कागद होतात. रुंदी १११० वर आणली, दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं भिंत उघडी राहिली, तिथे झेंडूच्या माळा सोडल्या. कागदांची संख्या आधी आणि चित्राचा आकार नंतर ठरवावा, असं माझं मत त्या दिवशी झालं.

आता ज्या ठिकाणी आमची चार पानं वाया गेली ते. फोटो कापून तीनास दोन या प्रमाणात आणला होता, ते बरोबरच होतं. पण दुकानात तो साध्या ए-फोर पानावर ठेवून पीडीएफ केली. ए-फोरचं प्रमाण तीनास दोन नाही. फोटोच्या वर-खाली सहा-सहा मिलिमीटर कोरी पट्टी राहिली, आणि पीडीएफ ३७० टक्क्यांवर मोठी करताना ती पट्टीही मोठी झाली. २१० ला ३.७ ने गुणलं की ७७७ येतात, चार ओळींची मर्यादा ७७०. त्या सात मिलिमीटरसाठी पाचवी ओळ उघडली. म्हणून घरीच पीडीएफ करा आणि पानाचा आकार ३० बाय २० सेंटिमीटर ठेवा, समास शून्य, फोटो कडेपर्यंत. तीनशेची ३७० टक्के केली की बरोबर १११० मिलिमीटर होतात, उंची ७४०.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ही पीडीएफ उघडून छापायच्या खिडकीत Poster निवडा. Tile Scale ला 370 टाका. Overlap मध्ये मुळात जवळजवळ काहीच नसतं, तिथे १० मिलिमीटर टाका. खिडकी इंच दाखवत असेल तर 0.4. कागद आडवा करा, Cut Marks आणि Labels वर खूण करा. मग शेजारच्या छोट्या चित्रात किती कागद पडताहेत ते मोजा. प्रत्येक प्रिंटर कडेला सोडतो ती जागा थोडी वेगळी असते, म्हणून सोळाच्या वर संख्या गेली तर 365 करून बघा. त्याच चित्रात जोड कुठे येतोय तेही दिसतं. गडाच्या दरवाज्यावरून किंवा माणसाच्या तोंडावरून रेघ जात असेल तर फोटो जरा सरकवून पुन्हा कापलेला बरा.

दुकानदाराला घाई असते. “सगळी एकदम सोडू काय?” असं तो विचारणारच. “दोनच सोडा ओ आधी, शेजारशेजारची,” म्हणायचं. ती दोन पानं एकावर एक धरून उजेडासमोर न्या. क्षितिजाची रेघ एका पानातून दुसऱ्यात सरळ गेली तर बाकीची सोडा. नाही गेली तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पान बसवून घेण्याचा किंवा बिनसमासाचा पर्याय चालू राहिलेला असतो. तो बंद करायला लावा. सगळी पानं एकाच प्रिंटरवर, एकाच रिमच्या कागदावर काढा. निम्मं आकाश दुसऱ्या मशीनवर छापलं की पट्टा उठून दिसतो. घरी आल्यावर मागे पेन्सिलीने नंबर घाला, वरच्या ओळीला १ ते ४, पुढे ५ पासून.

जोडायला स्टीलची पट्टी, कटर आणि गोंदाची कांडी लागते. खळ आणू नका. खळीने कागद भिजतो, भिजला की ताणतो, आणि एकीकडे नेमका बसवलेला जोड दुसरीकडे दोन मिलिमीटर सुटतो. कापायचं ते डाव्या आणि वरच्या कडेचं पांढरंच. उजवीकडचं आणि खालचं ठेवायचं, पुढचा कागद त्यावरच बसतो. आधी चार-चार कागदांच्या आडव्या पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. तिथे मधला जोड आधी जुळवा म्हणजे राहिलेली चूक दोन्ही टोकांना वाटली जाते. डोंगराच्या गडद भागात कापलेल्या कडेची पांढरी रेघ चमकते. त्याच रंगाच्या स्केचपेनने कडेवरून नुसतं बोट फिरवल्यासारखं फिरवा.

भिंतीला थेट चिकटवू नका, रात्रीचं दव भिंत धरून ठेवते. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा मागे घ्या. आणि खालच्या ओळीची चार पानं छापतानाच दोनदा काढून आणा, कारण किल्ल्यावर पाणी शिंपडायला पोरं तांब्या घेऊन सकाळ-संध्याकाळ येतात आणि पहिल्यांदा भिजते ती तीच ओळ.