‘ठाणे ला’ नव्हे, ‘ठाण्याला’

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या फलकावर परवा ही सूचना लागली होती: ‘सर्व सभासदां नी ठाणे ला जाणाऱ्या रस्त्या वर गाडी लावू नये.’ तीन जागा सुटल्या आहेत आणि तिन्ही नकोत. ‘सभासदांनी’, ‘ठाण्याला’, ‘रस्त्यावर’ असंच लिहायचं.

हिंदीत नामापुढचा ‘को’, ‘ने’ सुटा लिहितात, ती सवय इथे येते. मराठीत प्रत्यय नामाला आणि सर्वनामालाही जोडूनच येतो: वाशीच्या, त्याने, आम्हाला. प्रत्यय लागताना शब्द बहुधा आतून बदलतो, ठाणेचं ठाण्या होतं. जागा सोडली की हा बदलच विसरतो; मला तर ही चूक जागेपेक्षा मोठी वाटते. वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ‘ठाणे ला’ असं बोलताना कुणी म्हणत नाही.

‘वर’, ‘जवळ’, ‘साठी’ हेही जोडूनच: पुलावर, स्टेशनजवळ, तुमच्यासाठी. मात्र ‘स्टेशनच्या जवळ’ म्हटलं, तर ‘च्या’ स्टेशनला चिकटतो आणि ‘जवळ’ सुटा राहतो.

लिहून झाल्यावर ‘शोधा’मध्ये आधी एक मोकळी जागा आणि मग ‘ला’ टाका. मात्र सगळं एकदम बदलू नका, ‘लावू’सारखे शब्दही सापडतात. एकेक पाहून जोडा.